सहा जणांचा रायगड आणि चार देणी

सहा मित्र दोन दिवस महाड-पोलादपूर भागात फिरले, मिळून १२,२०० रुपये खर्च झाले, आणि परत आल्यावर फक्त चार वेळा पैसे इकडून तिकडे गेले की सगळ्यांचा हिशेब पैशापर्यंत चुकता झाला. कुणी किती दिले, कुणी काय खाल्लं, कोण गाडीत होतं, कोण लॉजवर झोपलं या सगळ्याची दखल घेऊन! हे चार कुठून येतात, आणि तीन का येत नाहीत, हे पाहण्यात मोठी गंमत आहे. वरवर पाहता ती शाळेतली वजाबाकी आहे. थोडं खोल गेलं की गणितातल्या एका भारी अवघड प्रश्नाचं दार उघडतं.

आधी सहल मांडू. नावं आणि भाव कल्पित आहेत आणि आकडे सोयीसाठी गोल धरलेत, रस्ता मात्र खरा आहे. अमित, नेहा, सागर आणि प्राची पनवेलहून अमितच्या सात आसनी गाडीतून निघाले. रेश्मा कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरली, आणि महाडातच राहणारा महेश तिला तिथून घेऊन आला. पहिल्या दिवशी रायगड, पाचाडला पिठलं-भाकरी, रात्री महाडात जेवण आणि मुक्काम. दुसऱ्या दिवशी पोलादपूर, तिथे कवींद्र परमानंदांची समाधी, जेवण, मग परत.

अशा सहलीत ‘एकूण भागिले सहा’ केलं की कुणीतरी मनातल्या मनात कुरकुरतं, आणि त्याची कुरकुर रास्तही असते. महेश रात्री आपल्या घरी झोपला, त्याने लॉजचे पैसे का द्यावेत? पनवेल ते महाड हा रस्ता रेश्माने गाडीतून पाहिलाच नाही. गडावर सागर, प्राची आणि रेश्मा हिरकणीवाडीहून रोपवेने गेले. बाकीच्या तिघांनी चौदाशेच्या वर पायऱ्या चढायचं ठरवलं. आता पायऱ्या चढणाऱ्यांकडून रोपवेच्या तिकिटाचे पैसे मागायचे म्हणजे जखमेवर मीठच.

म्हणून पहिलं काम पैशांचं नाहीच. प्रत्येक बिलापुढे दोन गोष्टी लिहायच्या: पैसे कुणाच्या खिशातून गेले, आणि ते कुणासाठी गेले. बहुतेक ग्रुपमध्ये पहिली गोष्ट लिहिली जाते, दुसरी राहते, आणि आठवड्याने आठवायला बसलं की प्रत्येकाची सहल वेगळी निघते.

गाडीपासून सुरू करू. पेट्रोल आणि टोल मिळून अमितचे ३,७०० रुपये गेले. हा खर्च दोन तुकड्यांचा आहे. पनवेल-महाड जाऊन-येऊन चौघांचा, आणि महाड ते रायगड, महाड ते पोलादपूर अशी स्थानिक फिरती सहाही जणांची. तो तोडायचा कसा? महाडात शिरताना आणि महाड सोडताना गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर टिपून ठेवायचे. समजा एकूण ३७० किलोमीटर झाले, त्यातले २८० हायवेचे आणि ९० स्थानिक. किलोमीटरला दहा रुपये पडले. म्हणजे हायवेचे २,८०० चौघांत, माणशी ७००. स्थानिक ९०० सहांत, माणशी १५०. गाडीची झीज, टायर, सर्व्हिसिंग हे धरायचं की नाही, आणि रेश्माचं रेल्वेचं तिकीट सामाईक खर्चात घ्यायचं की नाही, हे गणित सांगत नाही. ते निघण्याआधी बोलून ठरवायचं असतं. इथे दोन्ही धरलेलं नाही.

बाकीची बिलं सोपी आहेत. लॉजचे ३,५०० नेहाने भरले, झोपणारे पाच, माणशी ७००. रोपवेचे ९०० रेश्माने दिले, तिघांत ३०० प्रमाणे. महाडच्या रात्रीच्या जेवणाचं बिल २,००० रुपये सागरने दिलं. चौघांनी मासे-मटण घेतलं त्यांचे ४०० प्रमाणे, प्राची आणि रेश्मा शाकाहारी, त्यांचे २०० प्रमाणे. पोलादपूरच्या जेवणाचे १,२०० प्राचीने दिले, माणशी २००. आणि पाचाडचं पिठलं-भाकरी-ताक झालं ९०० रुपयांचं, माणशी १५०. तिथे रेंज नव्हती, त्यामुळे रोख. महेशच्या खिशात सातशेच निघाले, वरचे दोनशे प्राचीने घातले. हिशेब लिहिताना ‘पाचाड – महेश’ असं एकच नाव पडतं आणि प्राचीचे दोनशे हवेत विरतात, ते अशाच ठिकाणी.

आता प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे लिहायचे. एक, त्याने प्रत्यक्ष किती दिले. दुसरा, त्याच्या वाट्याला किती येतात. अमितचंच घेऊ. दिले ३,७००. वाटा: हायवे ७००, स्थानिक फिरती १५०, लॉज ७००, रात्रीचं जेवण ४००, पाचाड १५०, पोलादपूर २००, मिळून २,३००. म्हणजे त्याला १,४०० येणं. याच रीतीने नेहाने दिले ३,५००, वाटा २,३००, येणं १,२००. प्राचीने दिले १,४००, वाटा २,४००, देणं १,०००. रेश्माने दिले ९००, वाटा १,७००, देणं ८००. सागरने दिले २,०००, वाटा २,६००, देणं ६००. महेशने दिले ७००, वाटा ९००, देणं २००.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. सहा बिलं, सात वेळा काढलेले पैसे, कोण चढलं, कोण झोपलं, कोण काय जेवलं ही सगळी भानगड सहा आकड्यांत आटली. एकेका बिलाचे पैसे वेगवेगळे फेडायला बसलो असतो तर पंचवीस-तीस देणी झाली असती. आता ती सगळी विसरायला हरकत नाही. पाचाडला कुणी किती दिले याच्याशी इथून पुढे काही संबंध उरलेला नाही, कारण जे काही घडलं ते या सहा आकड्यांत मुरलेलं आहे.

या आकड्यांना एक गुण आहे: सगळी येणी मिळवली तर २,६००, सगळी देणी मिळवली तरी २,६००. हे असंच येणार, कारण दिलेला प्रत्येक रुपया कुणाच्या ना कुणाच्या वाट्यात पडलेलाच असतो. ते तसं आलं नाही तर कुठेतरी चुकलंय, आणि कुठे चुकलंय याचा माग त्या फरकातच सापडतो. फरक बरोबर १,२०० असेल तर बाराशेचं बिल एका बाजूला लिहायचं राहिलंय का ते आधी पाहावं. महेशचं २०० देणं चुकून येणं म्हणून धरलं तर फरक ४०० येतो, चुकलेल्या रकमेच्या दुप्पट. म्हणून फरक अर्धा करून तो आकडा यादीत शोधायचा. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर शेजारचे दोन अंक उलटे पडल्याचा संशय घ्यावा. ३,७०० ऐवजी ७,३०० लिहिले की फरक ३,६०० पडतो. शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. रोजमेळ जुळवणारे जुने मुनीम ही युक्ती डोळे मिटून वापरत.

पण शून्य जुळलं म्हणजे हिशेब खरा, असं मात्र समजू नये. महेशला चुकून लॉजच्या खर्चात ओढलं तरी येणी-देणी जुळतातच. त्याच्या माथी सुमारे ५८३ रुपये बसतात आणि बाकी पाच जणांचे मिळून तेवढेच कमी होतात. बेरीज आकडे तपासते, कोण कुठे झोपलं ते तपासत नाही. त्यासाठी वाट्यांची यादी ग्रुपवर टाकून प्रत्येकाला आपापली ओळ वाचायला लावण्याला पर्याय नाही.

आता खरा प्रश्न: कुणी कुणाला द्यायचे?

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एकाला खजिनदार करायचं. समजा अमित. देणेकरी चौघे आपले पैसे अमितला देतात, त्याच्याकडे २,६०० जमतात. तो आपले १,४०० ठेवतो आणि १,२०० नेहाला देतो. पाच देणी झाली. माणसं कितीही असली तरी हे चालतं, कारण खजिनदार सोडून प्रत्येकाचा एकच व्यवहार होतो, देण्याचा किंवा घेण्याचा. सहा जणांत पाच, दहा जणांत नऊ, बसभर चाळीस जण असले तरी एकोणचाळीस. खर्चाची बिलं शंभर असोत की पाचशे, देण्यांची संख्या त्यांवर अवलंबून नाही, ती फक्त माणसांवर अवलंबून आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं की जरा अविश्वासच वाटतो.

पाचापेक्षा कमीत भागेल का? बहुतेकांना सुचणारी रीत अशी: ज्याचं देणं सर्वांत मोठं त्याने, ज्याचं येणं सर्वांत मोठं त्याला द्यावं. दोघांपैकी एकाचं तरी खातं तिथेच मिटतं. मग उरलेल्यांत पुन्हा तेच. करून पाहू. प्राचीचं देणं मोठं, अमितचं येणं मोठं: प्राची अमितला १,००० देते, अमितचे ४०० राहतात. आता येण्यात नेहा पुढे, देण्यात रेश्मा: रेश्मा नेहाला ८०० देते, नेहाचेही ४०० राहतात. मग सागरचे ६००: चारशे अमितला, उरलेले दोनशे नेहाला. शेवटी महेशचे दोनशे नेहाला. मोजा: पाच. इतकी शहाणपणाची वाटणारी रीत, आणि खजिनदाराच्या पद्धतीपेक्षा काडीचाही फायदा नाही. उलट सागरला दोन ठिकाणी पैसे पाठवायचा ताप.

आता तेच आकडे जरा तिरके पाहा. रेश्माचे ८०० आणि सागरचे ६०० मिळून होतात १,४००, म्हणजे बरोबर अमितचं येणं. प्राचीचे १,००० आणि महेशचे २०० मिळून १,२००, म्हणजे बरोबर नेहाचं. सहा जणांचा गट आपोआप तिघा-तिघांच्या दोन गटांत फुटतो, आणि प्रत्येक गटाचा हिशेब आतल्या आत शून्य होतो. तिघांच्या गटाला दोन देणी पुरतात. दोन गट, चार देणी. रेश्मा आणि सागर अमितला देतात, प्राची आणि महेश नेहाला. संपलं.

तर नियम असा निघतो: माणसं जितकी, त्यातून आतल्या आत मिटणारे असे जास्तीत जास्त जितके गट पाडता येतील तितके वजा करा. उरतं ते कमीत कमी देण्यांचं उत्तर. आपल्याकडे सहातून दोन गेले, चार उरले. तीन देण्यांत भागायचं तर तीन गट लागले असते. प्रत्येक गटात किमान एक घेणारा लागतो, आणि घेणारे आहेत दोनच. म्हणून तीन शक्य नाही. पाच ते चार ही एका देण्याची बचत म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. बचत छोटीच आहे. मला भुरळ पडते ती ते गट शोधण्याच्या अवघडपणाची.

सहा जणांत कोणकोणते गट पडू शकतात ते एकेक करून तपासायला फार नाहीत: प्रत्येक माणूस गटात आहे किंवा नाही, असे दोन-दोन पर्याय, म्हणून सहा वेळा दोनाने गुणलं की ६४. कागदावर होऊन जाईल. वीस जणांची सहल असेल तर हाच आकडा १०,४८,५७६ होतो. तीस जणांची मिनी बस केली तर १०७ कोटींच्या वर. एकेक माणूस वाढला की काम दुप्पट होतं. आणि अजूनपर्यंत कुणालाही अशी रीत सापडलेली नाही की जी माणसं नि आकडे कसेही असले तरी झटपट आणि खात्रीने सर्वांत कमी देणी काढून देईल. रिचर्ड कार्प या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली एकवीस अवघड प्रश्नांची एक प्रसिद्ध यादी मांडली. त्यातला एक प्रश्न म्हणजे दिलेल्या आकड्यांचे दोन सारख्या बेरजेचे भाग पडतात का. त्या एकवीसपैकी एकाला जरी नेहमी चालणारी झटपट रीत सापडली, तरी बाकी सगळ्यांना सापडल्यासारखी आहे. आपला पिठलं-भाकरीचा हिशेब त्याच कुळातला आहे. हिशेबाची अ‍ॅप्सही याला अपवाद असू शकत नाहीत. मोठा गट असला की ‘चांगलं’ उत्तर देतात, ‘सर्वांत कमी’ची हमी देणं त्यांच्याही हातात नाही.

यात एक मजेशीर पळवाट आहे. खऱ्या सहलीत आकडे गोल नसतात. अमितचं येणं १,४०७ निघतं, रेश्माचं देणं ७९८, सागरचं ६०३. मग ८००-६०० ची ती सुरेख जोडी जुळतच नाही; सहा रुपयांसाठी पाचवं देणं उभं राहतं. अमित म्हणाला, ‘जाऊ दे रे सहा रुपये,’ तर ते देणं मरतं. प्रत्येकाचा आकडा जवळच्या दहाला आणला की असे गट भराभर दिसू लागतात. फक्त गोल करताना येण्या-देण्यांची बेरीज पुन्हा शून्य होते ना ते पाहायचं, आणि सुटलेले दोन-चार रुपये कुणाच्या अंगावर टाकायचे ते आधी सांगायचं. ज्याचं येणं सर्वांत मोठं त्याच्यावर टाकणं बरं. त्याला ते सर्वांत कमी जाणवतात.

आणि हा खेळ फक्त मित्रांचा नाही. चार्ल्स बॅबेजने १८३२ साली लिहिलेल्या कारखानदारीवरच्या पुस्तकात लंडनच्या क्लिअरिंग हाउसचं वर्णन आहे: बँकांचे कारकून एकमेकांवरचे चेक घेऊन एका खोलीत जमायचे, आणि सगळं वजा जाता उरलेली रक्कमच तेवढी हातांतून फिरायची. आज रेश्मा अमितला फोनवरून ८०० पाठवते तेव्हा तिच्या बँकेतून अमितच्या बँकेकडे नेमके ते आठशे जात नाहीत. यूपीआयवर दिवसभरातल्या असंख्य देवाणघेवाणींची बँकेगणिक वजाबाकी होते आणि ठरलेल्या वेळी प्रत्येक बँकेचं निव्वळ येणं किंवा देणं रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर मिटतं. एनईएफटीतही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत हेच चालतं. म्हणजे आपण सहा जणांसाठी केलेली वजाबाकी पैसे पाठवताना खाली पुन्हा एकदा होते, फक्त तिथे खजिनदार मोठा असतो.

इतकं जमल्यावर ग्रुपवर यादी टाकली की एक आवाज हमखास उठतो, आणि तो महेशचा असतो. ‘अरे, मी नेहाला दोनशे का देऊ? तिने भरलं ते लॉजचं. मी तिथे झोपलोच नाही!’ महेशचा मुद्दा वाटतो त्याहून पक्का आहे. नेहाचं त्याच्याकडे काहीच येणं नाही. उलट पाचाडच्या पिठल्याचे तिचे दीडशे त्यानेच भरलेत. खरं म्हणजे त्याने अमितला स्थानिक फिरतीचे १५०, सागरला रात्रीच्या जेवणाचे ४०० आणि प्राचीला पोलादपूरचे २०० द्यायचे, एकूण ७५०. आणि पाचाडला त्याने भरलेल्या सातशेंपैकी स्वतःचे दीडशे सोडून ५५० त्याला परत यायचे. ७५० उणे ५५०, राहिले २००. त्याचे दोनशे द्यायचे आहेत हे खरं. ते नेहाला द्यायचे आहेत हे फक्त सोयीसाठी. प्राची आणि सागरला त्याच्याकडून जे मिळायचं ते त्यांच्या देण्यातून आधीच वजा झालंय.

त्याला एवढं उलगडून दाखवलं की तो पैसे पाठवतो. पण त्याला विचारायला हवं होतं, आणि नेहालाही. देणं एकाकडून दुसऱ्याकडे वळवणं म्हणजे जुन्या कराराच्या जागी नवा करार करणं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ मध्ये त्याची सोय आहे, ती सगळे पक्ष राजी असतील तरच. मित्रांत कुणी कायदा काढत नाही, पण अडचण तीच. चार देण्यांच्या यादीत नेहाचे हजार रुपये एकट्या प्राचीवर अवलंबून आहेत. मूळ हिशेबात लॉजचे सातशे-सातशे चौघांकडून सुटेसुटे येणार होते. एकाने टाळाटाळ केली तर सातशे अडकले असते. आता प्राचीने ‘पुढच्या पगाराला देते गं’ म्हटलं की हजार अडकले, आणि अमित, सागर, रेश्मा मात्र आपापली खाती बंद करून मोकळे. देणी जितकी कमी, तितका एकेका माणसावरचा भार जास्त. म्हणून ज्या ग्रुपात एक जण पैसे द्यायला हमखास उशीर करतो, तिथे मी पाच देण्यांची खजिनदारी पद्धत पसंत करतो. खजिनदाराने सगळ्यांचे पैसे जमा झाल्याशिवाय नेहाला पाठवायचे नाहीत. म्हणजे थकबाकी कुणाची आहे हे सहाही जणांना दिसतं, आणि मागायची वेळ एकट्या नेहावर येत नाही.